सातवरून आठ होताना: रिपल काउंटरचा साठत जाणारा विलंब आणि सिंक्रोनस काउंटरची गरज

लातूरच्या एका डाळमिलसाठी आमच्या तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्यांनी पोती मोजणारे एक साधे यंत्र केले होते. पट्ट्यावरून पोते पुढे सरकले की इन्फ्रारेड सेन्सरमधून एक पल्स निघायचा आणि ७४एलएस९३ हा चार बिटांचा रिपल काउंटर त्याची मोजणी करायचा. सोळा पोत्यांची एक खेप धरली होती. काउंटर पंधरावरून शून्यावर आला की ७४एलएस१३८ या डिकोडरची शून्याची पिन खाली जायची आणि त्या पल्सवर दुसरा काउंटर खेपांची संख्या एकाने वाढवायचा. कागदावर सगळे बरोबर होते. प्रत्यक्षात सोळा पोती गेल्यावर खेपांचा आकडा कधी दोनने, कधी तीनने आणि कधी थेट चारने वाढायचा. सेन्सर दोनदा पेटत असावा, या समजुतीने मुलांनी दोन दिवस सेन्सरवरच घालवले. मात्र पोत्यांचा आकडा दाखवणारा पहिला काउंटर एकदाही चुकत नव्हता. सेन्सर दोनदा पेटत असता तर सगळ्यात आधी तोच चुकला असता. दोष होता तो दोन काउंटरांच्या मधल्या जागेत, आणि मिनिटाला जेमतेम दहा-बारा पोती जाणाऱ्या यंत्रात तो वेगामुळे येणे शक्यच नव्हते.

या एका दोषात रिपल काउंटरचा सगळा स्वभाव दिसतो. म्हणून तो प्रयोगशाळेत मुद्दाम घडवून कसा पाहायचा, त्याचा हिशेब कसा मांडायचा, वेग वाढला की तो आणखी कोणते रूप घेतो आणि सिंक्रोनस काउंटर त्यातून नेमकी किती सुटका करतो, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

असिंक्रोनस म्हणजे नेमके काय

रिपल काउंटर असिंक्रोनस का म्हणतात, असे तोंडी परीक्षेत विचारले की ‘त्याला क्लॉक नसतो’ असे उत्तर हमखास येते. ते चुकीचे आहे. क्लॉक असतो, पण तो फक्त पहिल्या फ्लिप-फ्लॉपला मिळतो. दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपचा क्लॉक म्हणजे पहिल्याचे आउटपुट, तिसऱ्याचा क्लॉक म्हणजे दुसऱ्याचे आउटपुट, आणि हीच साखळी पुढे चालत राहते. प्रत्येक फ्लिप-फ्लॉप टॉगल पद्धतीने जोडलेला असतो, म्हणजे आपल्या क्लॉकची योग्य कड आली की तो उलटतो. मात्र ती कड मूळ क्लॉककडून येत नाही. शेजारी उलटल्यानंतर ती येते, आणि शेजाऱ्याला उलटायला ठरावीक वेळ लागतो.

जायकवाडीच्या कालव्याला आवर्तन सुटते, तेव्हा पैठणला दरवाजे उघडले म्हणून परभणीकडच्या चारीला त्याच घटकेला पाणी येत नाही, हे आपल्याकडच्या कोणालाही सांगावे लागत नाही. रिपल काउंटरमधील बदलही असाच वरून खाली सरकतो आणि शेवटचा, सर्वांत मोठ्या किमतीचा बिट टेलच्या शेतकऱ्यासारखा सगळ्यांत उशिरा बदलतो. सर्व फ्लिप-फ्लॉपना बदलाची वेळ सांगणारा एकच समाईक संकेत नसणे, हाच असिंक्रोनस या शब्दाचा अर्थ आहे.

पायरी पहिली: विलंब डोळ्यांना दिसेल असा काउंटर जोडणे

७४एलएस९३ मध्ये एका टप्प्याचा विलंब साधारण दहा-बारा नॅनोसेकंद असतो. बहुतेक प्रयोगशाळांतील सीआरओ वीस मेगाहर्ट्झचा असतो आणि त्याचा स्वतःचा राइज टाइम सुमारे १७.५ नॅनोसेकंद पडतो. त्यामुळे दहा नॅनोसेकंदांचा खोटा पल्स त्यावर एक तर दिसतच नाही किंवा दबलेल्या उंचवट्यासारखा दिसतो आणि पाहणारा त्याला नॉइज समजून सोडून देतो. आमच्या मुलांचेही असेच झाले होते. म्हणून अभ्यासासाठी मी मुद्दाम मंद भाग वापरतो. सीडी४०१३ या सीमॉस आयसीत दोन डी फ्लिप-फ्लॉप असतात आणि पाच व्होल्टवर क्लॉकपासून आउटपुटपर्यंतचा त्यांचा विलंब साधारण १५० नॅनोसेकंद असतो. डेटाशीटमधील कमाल आकडा ३०० नॅनोसेकंद आहे.

दोन सीडी४०१३ घ्या. प्रत्येकाची पिन १४ पाच व्होल्टला आणि पिन ७ ग्राउंडला जोडा. त्या दोन पिनांच्या जवळच ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर बसवा. सेट आणि रीसेटच्या पिना, म्हणजे ४, ६, ८ आणि १०, ग्राउंडला जोडा, कारण सीमॉसचे इनपुट मोकळे राहिले तर काउंटर स्वतःच्या मर्जीने वागतो आणि आपण दोष भलतीकडेच शोधत बसतो. मग प्रत्येक फ्लिप-फ्लॉपचे क्यू-बार आउटपुट त्याच्याच डी इनपुटला जोडा, म्हणजे एका बाजूला पिन २ पासून पिन ५ ला आणि दुसऱ्या बाजूला पिन १२ पासून पिन ९ ला. यामुळे तो टॉगल होऊ लागतो. पुढच्या फ्लिप-फ्लॉपचा क्लॉक मागच्याच्या क्यू-बारवरून घ्या. सीडी४०१३ चढत्या कडेवर चालतो आणि क्यू खाली येतो तेव्हा क्यू-बार वर जातो, त्यामुळे अशा जोडणीत काउंटर चढत्या क्रमाने मोजतो. पुढचा क्लॉक चुकून क्यूवरून घेतला तर मोजणी उलटी होते. पहिल्याच दिवशी होणारी ही सर्वांत नेहमीची चूक आहे.

चारही क्यू आउटपुट, म्हणजे पहिल्या फ्लिप-फ्लॉपच्या क्यू० पासून शेवटच्याच्या क्यू३ पर्यंत, सीडी४००२ या चार इनपुटांच्या नॉर गेटच्या पिन २, ३, ४ आणि ५ ला द्या. दुसऱ्या गेटच्या पिन ९ ते १२ ग्राउंडला जोडा. चारही बिट शून्य असतानाच पिन १ वर जाते, म्हणजे हा आपला शून्य ओळखणारा डिकोडर झाला.

पायरी दुसरी: खोटे पल्स मोजणे

फंक्शन जनरेटरमधून शून्य ते पाच व्होल्टचा, ५०० किलोहर्ट्झचा चौकोनी क्लॉक द्या. एका क्लॉकचा काळ दोन मायक्रोसेकंद, म्हणून सोळा क्लॉकचा पूर्ण फेरा ३२ मायक्रोसेकंदांचा होतो. सीआरओचा टाइम बेस पाच मायक्रोसेकंद प्रति डिव्हिजन ठेवा, म्हणजे एक फेरा पडद्यावर मावतो. पहिल्या चॅनलवर क्यू३ घ्या आणि ट्रिगर त्याच्याच चढत्या कडेवर ठेवा. क्यू०वर ट्रिगर ठेवल्यास फेऱ्याचे वेगवेगळे भाग एकमेकांवर पडतात आणि चित्र स्थिर होत नाही. दुसऱ्या चॅनलवर नॉर गेटची पिन १ घ्या. प्रोब दहापट क्षीणनाच्या स्थितीत असू द्या, कारण एकपट स्थितीतील प्रोबची धारिता या मंद सीमॉस आउटपुटवर पडते आणि मोजायला घेतलेला विलंब मोजमापामुळेच वाढतो.

फेऱ्यात एकच पल्स दिसायला हवा, पण चार दिसतात. एक रुंद असतो आणि तीन सुईसारखे अरुंद. अरुंद पल्स दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या क्लॉकच्या लगेच मागे येतात आणि प्रत्येकाची रुंदी एका टप्प्याच्या विलंबाएवढी, म्हणजे १५० नॅनोसेकंदांच्या आसपास असते. रुंद पल्सही पूर्ण दोन मायक्रोसेकंदांचा नसतो. शून्य ही स्थिती चारही टप्पे पार झाल्यावर ६०० नॅनोसेकंदांनी स्थिरावते आणि पुढच्या क्लॉकनंतर १५० नॅनोसेकंदांनी क्यू० वर जाताच संपते, म्हणून तिची रुंदी सुमारे १५५० नॅनोसेकंद भरते. आपल्या आयसींचा विलंब थोडा वेगळा असेल, पण रुंद पल्स पूर्ण काळापेक्षा तीन टप्प्यांच्या विलंबाइतका तोकडा असणारच. तसे दिसले की जोडणी बरोबर आहे, असे समजावे.

हे तीन पल्स येतात कुठून? त्यांतला सर्वांत बोलका प्रसंग सातवरून आठ होतानाचा आहे, कारण त्यात चारही बिट उलटतात. आठव्या क्लॉकची कड शून्य वेळेला आली असे धरू.

```
t (ns)    Q3 Q2 Q1 Q0    value
   0       0  1  1  1      7
 150       0  1  1  0      6
 300       0  1  0  0      4
 450       0  0  0  0      0
 600       1  0  0  0      8
```

काउंटर सातवरून थेट आठवर जात नाही. वाटेत तो सहा, चार आणि शून्य या तीन घरांत पाय ठेवून जातो आणि प्रत्येक घरात १५० नॅनोसेकंद थांबतो. तिथे डिकोडर खोटे बोलत नाही. त्या १५० नॅनोसेकंदांत चारही बिट खरोखरच शून्य असतात आणि डिकोडर तेवढेच सांगतो. तीनवरून चार होताना काउंटर दोन आणि शून्य या घरांतून जातो, एकवरून दोन होताना शून्यातून. पंधरावरून शून्यावर येताना मात्र तो चौदा, बारा आणि आठमधून येतो, त्यामुळे शून्याचा खोटा पल्स तिथे होत नाही. एक खरा आणि तीन खोटे असे चार पल्स झाले. डाळमिलच्या यंत्रात खेपांचा आकडा चारपर्यंत जाऊ शकत होता तो याच कारणाने. तो नेहमीच चारने वाढत नव्हता, कारण एलएस जातीच्या भागांत खोटा पल्स दहा नॅनोसेकंदांच्या आसपासचा असतो, आणि ७४एलएस९३ च्या डेटाशीटप्रमाणे पहिल्या क्लॉक इनपुटला निदान १५ नॅनोसेकंदांचा पल्स हवा. म्हणजे दुसरा काउंटर तो पल्स कधी धरायचा, कधी सोडायचा. दोष रोज वेगळा आकडा दाखवू लागला की माणूस सैल वायर शोधू लागतो. अशा वेळी डिकोडरचे आउटपुट कोणाच्या क्लॉकला तर जोडलेले नाही ना, हे आधी पाहावे.

आता जनरेटरची वारंवारता दहा किलोहर्ट्झपर्यंत उतरवा आणि टाइम बेस लहान करून पुन्हा तोच आठवा क्लॉक पाहा. खोट्या पल्सची रुंदी तशीच राहते. ती क्लॉकच्या वेगावर अवलंबून नसते. मिनिटाला दहा पोती गेली काय किंवा सेकंदाला दहा लाख पल्स आले काय, तीन खोटे पल्स येणारच. म्हणून ‘आपले काम मंद आहे, रिपल चालेल’ हे विधान डिकोडरचे आउटपुट कशाला जोडले आहे ते पाहिल्याशिवाय करू नये. त्या आउटपुटवर नुसता एलईडी लावायचा असेल तर दीडशे नॅनोसेकंदांचा चमकारा डोळ्याला दिसत नाही आणि काहीही बिघडत नाही. तेच आउटपुट दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपचा क्लॉक किंवा रीसेट होत असेल तर बिघडते.

पायरी तिसरी: वेग वाढवून आठ नाहीसा होताना पाहणे

आता क्लॉक एक मेगाहर्ट्झ करा. काळ १००० नॅनोसेकंद झाला आणि त्यातले पहिले ६०० नॅनोसेकंद आठवरच्या संक्रमणात गेले. म्हणजे चारही बिट एकत्र वाचण्यासाठी पुढची कड येईपर्यंत फक्त ४०० नॅनोसेकंद उरतात. दोन मेगाहर्ट्झवर काळ ५०० नॅनोसेकंद होतो. क्यू३ अजून वर गेलेला नसतानाच नवव्या क्लॉकची कड आलेली असते. ती ५०० ला येते आणि क्यू० ला ६५० वर उलटवते. आठ हा आकडा ६०० ते ६५० या पन्नास नॅनोसेकंदांपुरता उमटतो आणि जातो.

अडीच मेगाहर्ट्झवर जे होते ते फळ्यावर लिहूनच पटते. काळ ४०० नॅनोसेकंद असतो. नववी कड ४०० ला येते आणि क्यू० ५५० ला वर जातो. आठव्या क्लॉकची लाट त्या वेळी क्यू३ पर्यंत पोहोचलेलीच नसते.

```
t (ns)    Q3 Q2 Q1 Q0    value
 450       0  0  0  0      0
 550       0  0  0  1      1
 600       1  0  0  1      9
```

शून्य, मग एक, आणि मग नऊ! आठ एकदाही आला नाही. कोणत्याही क्षणी वाचले तरी तो सापडणार नाही, कारण चार बिटांची ती जुळणी त्या काउंटरमध्ये कधी झालीच नाही. एकाच वेळी दोन क्लॉकचे बदल साखळीतून वाहत आहेत, एक पुढच्या टप्प्यात आणि एक मागच्या.

आता सीआरओवर फक्त क्यू३ पाहा. त्याची वारंवारता १५६.२५ किलोहर्ट्झ आहे, म्हणजे अडीच मेगाहर्ट्झचा नेमका सोळावा भाग. एकही पल्स हरवलेला नाही. हा मुद्दा अनेक पुस्तकांत ‘रिपल काउंटर मंद असतो’ या एका वाक्यात दडपला जातो, आणि माझ्या मते तेथेच विद्यार्थ्याचा गोंधळ सुरू होतो. रिपल काउंटर मोजण्यात मंद नसतो. पहिला फ्लिप-फ्लॉप जितक्या वेगाने टॉगल होऊ शकतो, तितक्या वेगाने तो मोजतो, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्याला आधीच्याच्या अर्ध्या वेगाने काम करायचे असते. मर्यादा येते ती सर्व बिट एका क्षणी एकत्र वाचण्यावर. एका टप्प्याचा विलंब `tp` आणि टप्पे `n` धरले तर तीन वेगवेगळ्या अटी तयार होतात.

```
divide only       :  T >= 1 / fmax(first FF)
state just exists :  T >  (n-1) * tp
state readable    :  T >= n * tp + t_read
```

तिसऱ्या अटीतील `t_read` मध्ये डिकोडरचा विलंब आणि वाचणाऱ्या रजिस्टरचा सेटअप वेळ धरावा. या सगळ्यात `n` चा गुणाकार हाच साठत जाणारा विलंब आहे. चार बिटांना ६०० नॅनोसेकंद लागले, तर त्याच भागांतून केलेल्या बारा बिटांच्या काउंटरला १८०० लागतील. प्रत्यक्ष यंत्राचा आराखडा करताना साधारण आकड्यावर विसंबू नये, कमाल आकडा घ्यावा. सीडी४०१३ साठी तो ३०० असल्याने चार बिटांनाच १२०० नॅनोसेकंद धरावे लागतात आणि खात्रीने वाचण्याजोगा वेग ०.८३ मेगाहर्ट्झच्याही खाली येतो.

मंद कामासाठी एका वायरचा उपाय

सिंक्रोनस काउंटरकडे वळण्याआधी डाळमिलच्या यंत्रात मुलांनी पहिल्यांदा काय केले, ते सांगतो. ७४एलएस९३ उतरत्या कडेवर चालतो, म्हणजे बिटांची सगळी धावपळ क्लॉक खाली असताना होते. ७४एलएस१३८ च्या पिन ६ ला एक इनपुट असते, ते वर असेल तरच डिकोडर चालू होतो. तिथे तोच क्लॉक जोडला की काउंटर अस्थिर असताना डिकोडर बंद राहतो आणि क्लॉक पुन्हा वर गेल्यावर, म्हणजे सगळे स्थिरावल्यावर, उघडतो. खोटे पल्स थांबले आणि सोळा पोत्यांना एक खेप पडू लागली. सेन्सरचा पल्स मात्र ७४एलएस१४ सारख्या श्मिट इन्व्हर्टरमधून कडक करून घ्यावा लागला, कारण रेंगाळत येणारी कड एलएस काउंटरला दोनदा चालवू शकते.

या उपायाची हद्द स्पष्ट आहे. क्लॉकचा खालचा अर्धा भाग काउंटर पूर्ण स्थिरावण्याइतका लांब हवा. ७४एलएस९३ च्या पहिल्या इनपुटपासून शेवटच्या बिटापर्यंतचा विलंब साधारण ४६ आणि कमाल ७० नॅनोसेकंद आहे. अर्धा काळ निदान ७० नॅनोसेकंद म्हटले की समसमान क्लॉक सात मेगाहर्ट्झच्या आसपास अडतो, आणि काउंटर जितका लांब तितका तो आणखी खाली येतो. पोत्यांना हे पुष्कळ झाले. वेगवान कामाला पुरत नाही.

पायरी चौथी: सर्वांना एकच क्लॉक

सिंक्रोनस काउंटरमध्ये क्लॉकची तार प्रत्येक फ्लिप-फ्लॉपला थेट जाते. कोणी उलटायचे आणि कोणी नाही, हे गेटे आधीच ठरवून ठेवतात. एखाद्या बिटाच्या खालचे सर्व बिट एक असतील तरच तो पुढच्या कडेला उलटतो.

```
T0 = 1
T1 = Q0
T2 = Q0 . Q1
T3 = Q0 . Q1 . Q2
```

सात या स्थितीत चारही अटी आधीच पूर्ण झालेल्या असतात. आठवी कड येताच चारही बिट एकत्र उलटतात आणि एका फ्लिप-फ्लॉपच्या विलंबानंतर आठ उमटतो. सहा, चार आणि शून्य ही वाटेतली घरे राहत नाहीत. विलंब संपलेला नाही, पण तो कड येण्याआधीच्या मोकळ्या वेळात गेटांतून पार पडतो आणि दर क्लॉकला त्याची सुरुवात नव्याने होते. हीच या रचनेची खरी खुबी आहे.

तिचा हिशेब असा.

```
T >= t(clk->Q) + t(gates) + t(setup)
```

याच सीमॉस जातीत सीडी४०१३ चे साधारण १५०, अँड गेटचे १२५, डी फ्लिप-फ्लॉपला टॉगल करणाऱ्या एक्सऑर गेटचे १४० आणि सेटअपचे २० नॅनोसेकंद धरले तर बेरीज ४३५ होते. चार बिटांच्या रिपलला ६०० लागत होते. सुट्या गेटांनी हाताने जोडलेल्या चार बिटांत फरक फार मोठा नाही, हे मान्य केले पाहिजे. आमच्याकडे एका मुलाने दिवसभर बसून ती जोडणी केली आणि ‘एवढ्यासाठी एवढे?’ असे विचारले, तेव्हा त्याचा प्रश्न रास्त होता. उत्तर बारा बिटांत मिळते. रिपलची बेरीज १८०० वर जाते. सिंक्रोनसमध्ये प्रत्येक बिटाला स्वतःचे पुरेसे रुंद अँड गेट दिले तर ती साधारण जागच्या जागी राहते, कारण `n` चा गुणाकार सूत्रात उरलेला नाही.

पायरी पाचवी: ७४एलएस१६३ ची साखळी, आणि विलंब परत येण्याची वाट

रोजच्या कामात ही गेटे कोणी हाताने जोडत नाही. ७४एलएस१६३ मध्ये चार बिटांचा सिंक्रोनस काउंटर तयार मिळतो. तो चढत्या कडेवर चालतो. पिन १६ पाच व्होल्टला आणि पिन ८ ग्राउंडला, पिन २ वर क्लॉक, आणि नुसते मोजायचे असेल तर क्लिअरची पिन १, लोडची पिन ९ आणि दोन एनेबल पिना, म्हणजे ईएनपीची ७ व ईएनटीची १०, या वर ठेवायच्या. आउटपुट पिन १४, १३, १२ आणि ११ वर चढत्या किमतीने मिळतात. पिन १५ हे आरसीओ, म्हणजे कॅरीचे आउटपुट. काउंटर पंधरावर असताना ते वर असते.

खेपा मोजण्यासाठी दुसरा १६३ घ्या. त्याला पहिल्याचाच क्लॉक द्या आणि पहिल्याचे आरसीओ त्याच्या ईएनटीला जोडा. पहिला पंधरावर असतो तेव्हा दुसऱ्याला नुसती परवानगी मिळते. पुढच्या कडेला पहिला शून्यावर येतो आणि त्याच कडेला दुसरा एकाने वाढतो. आरसीओ दुसऱ्याच्या क्लॉक पिनला कधीही जोडू नये. तसे केले की दोन सिंक्रोनस आयसींमधून आपण पुन्हा रिपल काउंटरच तयार केलेला असतो. शिवाय १६३ चे बिट चढताना आणि उतरताना लागणारा वेळ अगदी सारखा नसतो, साधारण १३ आणि १८ नॅनोसेकंद. त्यामुळे बदलाच्या क्षणी डिकोड केलेल्या आउटपुटवर काही नॅनोसेकंदांची टोचणी इथेही उमटू शकते. एनेबल पिनेला तिचा त्रास होत नाही, कारण ती फक्त कडेच्या वेळी वाचली जाते आणि तोवर सगळे शांत झालेले असते.

साखळी लांबवताना मात्र सावध राहावे. पहिल्याचे आरसीओ दुसऱ्याच्या ईएनटीला, दुसऱ्याचे तिसऱ्याच्या, तिसऱ्याचे चौथ्याच्या अशी सोळा बिटांची सरळ साखळी जोडली की कॅरी एका आयसीतून दुसऱ्यात सरकत जातो. डेटाशीटमधील कमाल आकडे घेऊ. क्लॉकपासून पहिल्या आरसीओपर्यंत ३५ नॅनोसेकंद, मधल्या दोन आयसींत ईएनटीपासून आरसीओपर्यंत प्रत्येकी १४, आणि शेवटच्याचा सेटअप २०. बेरीज ८३ नॅनोसेकंद, म्हणजे सुमारे बारा मेगाहर्ट्झ. एकटा १६३ पंचवीस मेगाहर्ट्झची हमी देतो, चार जोडल्यावर ती निम्म्यावर आली. साठणारा विलंब मागच्या दाराने आत आला तो असा. तरीही चार ७४एलएस९३ च्या रिपल साखळीशी तुलना करावी. तिथे ७० च्या चौपट, म्हणजे २८० नॅनोसेकंद स्थिरावण्यातच जातात आणि वाचण्याजोगा वेग साडेतीन मेगाहर्ट्झच्या आसपास राहतो.

त्यावर डेटाशीटमध्येच दाखवलेली जोडणी मी नेहमी सुचवतो. पहिल्याचे आरसीओ पुढच्या सर्व आयसींच्या ईएनपीला समांतर द्यावे. दुसऱ्याचे ईएनटी कायम वर ठेवावे आणि दुसऱ्याच्या आरसीओपासून पुढे तिसऱ्या-चौथ्याची ईएनटी साखळी चालवावी. दुसरा आयसी सोळा क्लॉकमध्ये एकदाच बदलतो, म्हणून त्या साखळीतील कॅरीला पुढे सरकायला जवळपास एक पूर्ण फेरा मिळतो. दर क्लॉकला घाई असते ती फक्त पहिल्या आरसीओपासून ईएनपीपर्यंतच्या वाटेला, आणि तिची बेरीज ३५ अधिक २०, म्हणजे ५५ नॅनोसेकंद. सोळा बिट असोत वा चोवीस, वेग अठरा मेगाहर्ट्झजवळ राहतो.

रिपल कुठे ठेवावा

सर्व बिट एकत्र वाचायचेच नसतील, तर रिपल बदलण्याचे कारण नाही. घड्याळाचा ३२७६८ हर्ट्झचा स्फटिक सीडी४०६० ला जोडला की त्याच्या चौदाव्या टप्प्यावर नेमके दोन हर्ट्झ मिळतात. तिथे एकच आउटपुट वापरायचे असते, त्यामुळे आतल्या चौदा टप्प्यांचा विलंब किती आहे याने काही बदलत नाही. शिवाय पुढचे टप्पे क्वचितच उलटत असल्याने वीजही कमी लागते. सिंक्रोनस काउंटरमध्ये क्लॉकची तार प्रत्येक फ्लिप-फ्लॉपला दर कडेला हलवत असते आणि त्याची किंमत विजेत मोजावी लागते.

डाळमिलच्या यंत्रात शेवटी दोन १६३ बसवले. तपासताना पोत्यांऐवजी जनरेटरचा एक मेगाहर्ट्झचा क्लॉक दिला आणि सीआरओच्या एका चॅनलवर पहिल्याचा क्यू३, दुसऱ्यावर दुसऱ्या आयसीचा क्यू० घेतला. पहिल्याचा क्यू३ दर वेळी खाली येताना दुसऱ्याचा क्यू० एकदाच उलटत होता. क्लॉक हळूहळू दहा मेगाहर्ट्झपर्यंत नेला, तरी त्या दोन कडा पडद्यावर एकाच रेषेत राहिल्या.